प्रश्न एकाच सुरात बोलतात का? : अल्फा गुणांकाचे गणित

चाचणीत प्रश्न अनेक असतात, पण निकालाच्या वेळी हाती उरते ती एकच बेरीज. वीस प्रश्नांचे गुण मिळवून ‘१४’ असा आकडा लिहिला जातो आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर होतात. ही बेरीज करण्यामागे एक गृहीत असते. वीसही प्रश्न एकाच गोष्टीचा वेध घेत आहेत, म्हणून त्यांचे गुण एकमेकांत मिळवता येतात, असे ते गृहीत. ते कितपत खरे आहे हे प्रश्नवार गुणांवरूनच तपासता येते. या तपासणीला अंतर्गत सुसंगतीची तपासणी म्हणतात आणि तिचे सर्वांत जास्त वापरले जाणारे माप म्हणजे अल्फा गुणांक. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, परिचर्या किंवा व्यवस्थापन यांतला प्रश्नावलीवर आधारलेला कोणताही प्रबंध उघडला, तर अल्फाची किंमत बहुधा त्यात सापडतेच. ती किंमत कशातून येते हे मात्र क्वचितच सांगितलेले असते.

विश्वसनीयता म्हणजे मापनातले सातत्य. त्याच माणसाला तीच चाचणी पुन्हा दिली तर साधारण तेवढेच गुण पडावेत, ही तिची सर्वांत सोपी कल्पना. पण चाचणी पुन्हा घेणे अवघड असते. विद्यार्थ्यांना प्रश्न आठवतात, मधल्या काळात ते नवे काही शिकतात, काही जण दुसऱ्या वेळी येतच नाहीत. मग एकदाच घेतलेल्या चाचणीतून सातत्याचा अंदाज कसा बांधायचा? चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे एक वाट दाखवली. चाचणीचे दोन भाग करायचे, उदाहरणार्थ सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे आणि विषम क्रमांकाचे दुसरीकडे, आणि दोन्ही भागांतले गुण एकमेकांशी किती जुळतात ते पाहायचे. अडचण अशी की भाग पाडण्याचे मार्ग अनेक आणि प्रत्येक मार्गाने उत्तर वेगळे. १९३७ मध्ये क्युडर आणि रिचर्डसन यांनी बरोबर-चूक अशा दोनच गुणांच्या प्रश्नांसाठी ही अडचण टाळणारे सूत्र मांडले. त्यांच्या लेखात त्या सूत्राचा क्रमांक विसावा होता, म्हणून आजही ते ‘केआर-२०’ या नावाने ओळखले जाते. लुई गटमन यांनी १९४५ मध्ये कोणत्याही गुणपद्धतीला चालेल असे त्याचे व्यापक रूप दिले. १९५१ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी त्याच सूत्राला ‘अल्फा’ असे नाव देऊन त्याचा अर्थ सविस्तर उलगडून दाखवला आणि पुढे गुणांकाला त्यांचेच नाव चिकटले.

सूत्र समजून घेण्यासाठी एक छोटी प्रश्नावली पुरे आहे. गणिताची भीती मोजण्यासाठी चार विधाने घेतली असे समजू. ‘गणिताच्या तासाला छातीत धडधडते’, ‘फळ्यावर गणित सोडवायला बोलावले की काही सुचत नाही’, ‘गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री झोप लागत नाही’ आणि ‘गणिताचा तास हवाहवासा वाटतो’. प्रत्येक विधानापुढे ‘अजिबात पटत नाही’ला १ आणि ‘पूर्ण पटते’ला ५ असे गुण. चौथे विधान उलटे आहे. ते ज्याला पटते त्याची भीती कमी. म्हणून त्याचे गुण बेरजेपूर्वी फिरवावे लागतात. एक ते पाच या श्रेणीत हे काम सहातून वजाबाकी करून होते. पाचाचा एक होतो, चाराचे दोन, तीन तसाच राहतो. खालचे आकडे केवळ समजावण्यासाठी बनवलेले आहेत. सहा विद्यार्थी खऱ्या अभ्यासाला फारच कमी, पण हाताने गणित करून पाहायला सोयीचे. चौथ्या स्तंभातले गुण फिरवून लिहिले आहेत.

| विद्यार्थी | विधान १ | विधान २ | विधान ३ | विधान ४ | बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| क | ५ | ४ | ५ | ४ | १८ |
| ख | ४ | ४ | ३ | ५ | १६ |
| ग | ३ | ४ | ३ | २ | १२ |
| घ | २ | २ | ३ | ३ | १० |
| च | २ | १ | २ | १ | ६ |
| छ | २ | ३ | २ | ३ | १० |

तक्ता आडवा वाचला तर एक गोष्ट नजरेत भरते. ‘क’ला जवळजवळ सगळीकडे जास्त गुण आहेत, ‘च’ला सगळीकडे कमी. म्हणजे एका विधानावर जो वर असतो तो दुसऱ्यावरही वरच असतो. अल्फा हेच दिसणे आकड्यात पकडतो.

त्यासाठी लागते ते प्रचरण, म्हणजे गुणांच्या पसाऱ्याचे माप. पहिल्या विधानाची सरासरी ३ येते. प्रत्येकाचे सरासरीपासूनचे अंतर काढले तर २, १, ०, −१, −१, −१ असे आकडे मिळतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ८. तिला विद्यार्थिसंख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे ५ ने भागले की प्रचरण १.६ येते. त्याच रीतीने दुसऱ्या विधानाचे प्रचरण १.६, तिसऱ्याचे १.२ आणि चौथ्याचे २.०. चारही मिळून ६.४. आता शेवटच्या स्तंभातल्या बेरजांचे प्रचरण काढायचे. त्यांची सरासरी १२ आहे, अंतरे ६, ४, ०, −२, −६, −२ अशी, वर्गांची बेरीज ९६ आणि प्रचरण १९.२.

सगळी गंमत या दोन आकड्यांत आहे. विधाने सुटी सुटी पाहिली तर त्यांचा पसारा मिळून ६.४. तीच विधाने एकत्र करून बेरीज केली तर पसारा १९.२, म्हणजे तिप्पट. हा वाढीव पसारा आला कुठून? विधाने एकमेकांशी काहीच संबंध नसलेली असती, तर एकाचे चढ दुसऱ्याच्या उतारात मुरले असते आणि बेरजेचा पसारा ६.४ च्या आसपासच राहिला असता. इथे मात्र चढ चढावर आणि उतार उतारावर येऊन बसले. वाढलेले १२.८ हे विधानांच्या एकत्र हलण्याचे फळ आहे. संख्याशास्त्रात त्याला सहप्रचरण म्हणतात. म्हणजे १९.२ पैकी दोन तृतीयांश पसारा एकत्र हलण्यामुळे आणि एक तृतीयांश सुट्या विधानांमुळे आलेला आहे.

हे दोन तृतीयांश म्हणजेच अल्फा म्हटले तर चालेल का? थोडे कमी पडते. चारही विधानांवर प्रत्येकाला अगदी सारखेच गुण पडले, तर सुसंगती याहून जास्त असूच शकत नाही. त्या वेळी बेरजेचे प्रचरण एका विधानाच्या प्रचरणाच्या सोळा पट होते, तर सुट्या प्रचरणांची बेरीज फक्त चार पट. भागाकार एक चतुर्थांश, आणि तो एकातून वजा केला की ०.७५ उरतात. पूर्ण सुसंगतीला १ मिळायला हवा म्हणून या उत्तराला ४/३ ने गुणतात. पाच विधाने असतील तर ५/४ ने, वीस असतील तर २०/१९ ने. सूत्रातला हा पहिला अपूर्णांक तेवढ्यासाठीच आहे. वरच्या तक्त्यासाठी अल्फा म्हणजे ४/३ गुणिले २/३, अर्थात ८/९ किंवा ०.८९.

संगणकावर हे एका ओळीत होते. विद्यार्थी दुसऱ्या ते सातव्या ओळीत, विधाने B ते E या स्तंभांत आणि बेरीज F स्तंभात असेल, तर कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये पुढील सूत्र चालते.

```
=4/3*(1-(VAR(B2:B7)+VAR(C2:C7)+VAR(D2:D7)+VAR(E2:E7))/VAR(F2:F7))
```

या सूत्रात एक सापळा आहे. एखाद्याने विधान कोरे सोडले असेल तर बेरजेचे सूत्र त्या जागी शून्य धरते, पण प्रचरणाचे सूत्र ती जागा वगळून पुढे जाते. मग अंश एका विद्यार्थिगटाचा आणि छेद दुसऱ्याचा, अशी विसंगती तयार होते आणि कुठलीही चूक दाखवली न जाता चुकीचा अल्फा समोर येतो. म्हणून कोऱ्या जागा असलेल्या ओळी आधी शोधून त्यांचे काय करायचे ते ठरवावे लागते. बहुतेक संख्याशास्त्रीय पॅकेजे अशी ओळ पूर्णच वगळतात. तेव्हा उत्तराशेजारी छापलेला विद्यार्थ्यांचा आकडाही पाहायला हवा.

क्रॉनबॅक यांच्या १९५१ च्या लेखातला सर्वांत सुंदर निष्कर्षही याच तक्त्यावर पडताळता येतो. चार विधानांचे दोन-दोनचे भाग तीनच प्रकारे पडतात. पहिले-दुसरे एकीकडे आणि तिसरे-चौथे दुसरीकडे ठेवले, प्रत्येक भागाला एक मोठे विधान मानले आणि तेच सूत्र लावले, तर उत्तर ०.९२ येते. पहिले-तिसरे आणि दुसरे-चौथे अशी जोडणी केली तर ०.८३. पहिले-चौथे आणि दुसरे-तिसरे अशी केली तर पुन्हा ०.९२. या तीन उत्तरांची सरासरी ०.८९, म्हणजे अल्फाच. चाचणी अर्धी करण्याच्या सगळ्या शक्य मार्गांनी जी उत्तरे येतील त्यांची ही सरासरी असते, प्रश्न चार असोत की चाळीस. चाळीस प्रश्न दोन समान भागांत विभागण्याचे मार्ग अब्जावधी आहेत. अल्फा त्या सगळ्यांची सरासरी, भाग न पाडता, एका भागाकारात देतो. कोणता अर्धा निवडला यावरून होणारा वाद त्यामुळे मिटला.

आता हाच तक्ता पुन्हा घ्यायचा, पण चौथ्या विधानाचे गुण फिरवायचे विसरून. प्रत्यक्षात ही चूक सर्रास होते, विशेषतः गुगल फॉर्मवरून उतरवलेली माहिती थेट सूत्रात घातली जाते तेव्हा. न फिरवलेले गुण अनुक्रमे २, १, ४, ३, ५, ३ असे आहेत. बेरजा होतात १६, १२, १४, १०, १०, १०. चौथ्या विधानाचे प्रचरण पूर्वीइतकेच, २.०, कारण फिरवल्याने पसारा बदलत नाही. सुट्या प्रचरणांची बेरीजही तीच, ६.४. बेरजेचे प्रचरण मात्र १९.२ वरून घसरून ६.४ वर येते. दोन्ही आकडे समान झाले, भागाकार १, एकातून वजा केल्यावर शून्य. अल्फा शून्य! विद्यार्थी तेच, उत्तरे तीच, फक्त एका स्तंभाची दिशा चुकली आणि ०.८९ चे ० झाले. उलटी विधाने दोन असती तर अल्फा उणे चिन्हासह आला असता. उणे अल्फा दिसला की चाचणी वाईट आहे असे ठरवण्याआधी उलटी विधाने पाहावीत. दोष बहुतेकदा तिथेच निघतो.

ही चूक हुडकण्याचे साधन म्हणजे विधान आणि उरलेल्यांची बेरीज यांतला सहसंबंध. चौथे विधान बाजूला ठेवून पहिल्या तिघांची बेरीज केली आणि तिचा चौथ्याशी सहसंबंध काढला, तर गुण फिरवलेले असताना तो ०.६९ येतो, फिरवलेले नसताना −०.६९. उणे चिन्ह हीच खूण. इथे ‘उरलेल्यांची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विधान स्वतःच ज्या बेरजेत सामील आहे तिच्याशी त्याची तुलना केली, तर ते काही प्रमाणात स्वतःशीच जुळते आणि खरे चित्र झाकले जाते. चिन्ह बरोबर असूनही सहसंबंध शून्याजवळ असेल, तर ते विधान बाकीच्यांबरोबर चालत नाही असे समजायचे. त्याची भाषा संदिग्ध असेल, ते भलत्याच गोष्टीबद्दल विचारत असेल किंवा जवळजवळ सगळ्यांनी त्याला एकच उत्तर दिले असेल. बरोबर-चूक प्रकारच्या परीक्षेत उत्तरतालिकेतली चूकही याच खुणेने सापडते. हुशार मुलांचेच उत्तर सातत्याने ‘चूक’ ठरत असेल तर सहसंबंध उणे होतो.

संगणक आणखी एक स्तंभ छापून देतो, तो म्हणजे प्रत्येक विधान वगळल्यास अल्फा किती होईल याचा. आपल्या तक्त्यात पहिले विधान वगळले तर अल्फा ०.८१ होतो, दुसरे वगळले तर ०.८६, तिसरे वगळले तर ०.८७ आणि चौथे वगळले तर ०.८९, म्हणजे होता तेवढाच. अनेक अभ्यासक हा स्तंभ पाहून चौथे विधान सरळ काढून टाकतील. तीन विधानांत जे साधते त्यासाठी चार कशाला, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. पहिली तीन विधाने भीतीची शारीरिक आणि मानसिक लक्षणे विचारतात, चौथे आवड विचारते. गणिताच्या भीतीत आवडनावड धरायची की नाही हा विषयाचा प्रश्न आहे, तो अल्फाच्या तिसऱ्या दशांश स्थळावर सोडता येत नाही. शिवाय आवडीचे हे एकच विधान असल्याने ते बाकीच्यांशी थोडे कमी जुळणारच. अल्फा वाढवण्यासाठी असे एकेक विधान गाळत गेले की शेवटी एकच प्रश्न पाच प्रकारच्या शब्दांत विचारणारी प्रश्नावली उरते. तिचा अल्फा ०.९५ च्या पुढे जातो आणि तिने मोजलेला भाग इतका अरुंद झालेला असतो की मूळ हेतूच बाजूला पडतो. खूप उंच अल्फा पाहूनही म्हणूनच विधाने पुन्हा वाचावीत.

अल्फाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज याच्या पुढचा आहे. अल्फा उंच म्हणजे चाचणी एकच गोष्ट मोजते, असे प्रबंधांतून छातीठोकपणे लिहिले जाते. ते खरे नाही. अशी चाचणी कल्पावी की जिच्यात दहा प्रश्न गणिताचे आणि दहा भाषेचे आहेत. गणिताच्या कोणत्याही दोन प्रश्नांतला सहसंबंध ०.५, भाषेच्या कोणत्याही दोन प्रश्नांतलाही ०.५, पण गणित आणि भाषा यांच्यात काहीच संबंध नाही, शून्य. म्हणजे या दोन पूर्णपणे वेगळ्या चाचण्याच एकत्र बांधल्या आहेत. प्रत्येक प्रश्नाचे प्रचरण १ धरले तर वीस प्रश्नांच्या बेरजेचे प्रचरण ११० येते आणि अल्फा ०.८६. कोणताही परीक्षक हा आकडा पाहून समाधानाने मान हलवेल, आणि चाचणीतून निघालेली बेरीज मात्र दोन असंबद्ध गोष्टींची खिचडी असेल. चाचणीत एकच घटक आहे की अनेक, हे ठरवायला घटक विश्लेषण करावे लागते. निदान प्रश्नांचे परस्पर सहसंबंध मांडलेला तक्ता डोळ्यांखालून घालावा लागतो. वरच्या उदाहरणात त्या तक्त्यात दोन ठळक चौकोन स्पष्ट दिसले असते. अल्फाचा अर्थ लावण्यापूर्वी हे काम व्हायला हवे, नंतर नाही.

इतके वेगळे प्रश्न एकत्र येऊनही अल्फा उंच राहिला याचे एक कारण प्रश्नांची संख्या आहे. प्रश्नांतला सरासरी सहसंबंध केवळ ०.२ असेल, म्हणजे प्रश्न एकमेकांशी जेमतेमच जुळत असतील, तर पाच प्रश्नांचा अल्फा ०.५६ येतो, दहांचा ०.७१, वीसांचा ०.८३ आणि चाळीसांचा ०.९१. प्रश्नांचा दर्जा तोच, फक्त संख्या वाढली. यात अन्याय काही नाही. बेरजेत जितके जास्त प्रश्न तितक्या एकेका प्रश्नातल्या चुका एकमेकींना छेद देतात, आणि लांब चाचणी खरोखरच जास्त विश्वसनीय असते. पण म्हणूनच चार विधानांचा ०.७० आणि चाळीस विधानांचा ०.७० यांना एकाच तराजूत घालता येत नाही. चारांच्या बाबतीत तो चांगल्या विधानांचा पुरावा आहे. चाळीसांच्या बाबतीत विधाने जवळजवळ एकमेकांना ओळखतच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

०.७० हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याचे श्रेय जम ननली यांच्या सायकोमेट्रिक थिअरी या पुस्तकाला दिले जाते. पुस्तकाच्या १९७८ च्या आवृत्तीत ०.७० ही मर्यादा आहे ती संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी. मूलभूत संशोधनासाठी ते ०.८० ची अपेक्षा करतात. एखाद्या व्यक्तीचे भवितव्य जिथे गुणांवर ठरते, तिथे ०.९० हे किमान आणि ०.९५ इष्ट, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या लेखकांनी पहिला आकडा उचलला आणि त्याच्या अटी मागे सोडल्या. प्रवेशपरीक्षेचा किंवा मानसिक आजाराच्या निदानाचा निर्णय ०.७० च्या आधाराने घेणे ननली यांना मान्य झाले नसते.

अल्फा खऱ्या विश्वसनीयतेपेक्षा सहसा थोडा कमी येतो. तो तिच्या बरोबर यायचा तर प्रत्येक प्रश्नाने मोजायच्या गोष्टीला सारखेच वजन द्यायला हवे आणि तसे क्वचितच घडते. प्रश्नांची वजने वेगवेगळी धरणारा ओमेगा गुणांक त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी अल्फासोबत दिला जातो. मात्र एका परिस्थितीत अल्फा उलट फुगतो. प्रश्नांच्या चुकाच एकमेकींशी बांधलेल्या असल्या की असे होते. एका उताऱ्यावर पाच प्रश्न विचारले आणि विद्यार्थ्याने उताराच चुकीचा समजून घेतला, तर पाचही उत्तरे एकदम चुकतात. ती एकत्र हललेली दिसतात, पण ते एकत्र हलणे भाषेच्या क्षमतेचे नसून त्या एका उताऱ्याचे असते. अशा वेळी उताऱ्यावरच्या पाचही प्रश्नांचे गुण मिळवून एकच प्रश्न धरावा आणि मग अल्फा काढावा. वेळ अपुरा पडणाऱ्या परीक्षेतही हेच होते. शेवटचे दहा प्रश्न न सोडवलेल्या सर्वांना तिथे सारखाच शून्य मिळतो आणि अल्फा अवाजवी चढतो.

आणखी एक गोष्ट तक्त्यावरच दाखवता येते. सर्वांत जास्त भीती असलेले ‘क’ आणि ‘ख’ हे विद्यार्थी चाचणीच्या दिवशी गैरहजर होते असे समजू. उरलेल्या चौघांच्या बेरजा १२, १०, ६, १०. चारही विधानांच्या प्रचरणांची बेरीज ३.१७, बेरजेचे प्रचरण ६.३३, बरोबर दुप्पट. अल्फा ४/३ गुणिले १/२, म्हणजे ०.६७. प्रश्नावलीतला एक शब्दही बदललेला नाही, तरी ०.८९ चा ०.६७ झाला. कारण उरलेले विद्यार्थी एकमेकांसारखे आहेत. त्यांच्यात फरकच कमी, मग फरक सातत्याने दाखवायला वावही कमी. म्हणून ‘या चाचणीची विश्वसनीयता ०.८९ आहे’ हे विधान अपुरे असते. अल्फा त्या गटाच्या त्या गुणांचा असतो. पुण्यातल्या महाविद्यालयात मिळालेला अल्फा गडचिरोलीतल्या आश्रमशाळेच्या प्रबंधात उसना घेता येत नाही. तिथल्या विद्यार्थ्यांच्या गुणांवरून तो पुन्हा काढावा लागतो. अनुवादित प्रश्नावलीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण इंग्रजीतून मराठीत येताना एखाद्या विधानातला ‘नाही’ दुहेरी होतो आणि त्याची दिशाच बदलते.

याच दोन गटांसाठी आणखी एक आकडा काढून पाहावा. बेरजेचे प्रमाण विचलन घ्यायचे, म्हणजे प्रचरणाचे वर्गमूळ, आणि त्याला एकातून अल्फा वजा करून उरणाऱ्या संख्येच्या वर्गमूळाने गुणायचे. याला मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतात. सहाजणांसाठी ती ४.३८ गुणिले १/३, म्हणजे १.४६ गुण. चौघांसाठी २.५२ गुणिले ०.५८, म्हणजे १.४५ गुण. अल्फा ०.८९ वरून ०.६७ पर्यंत कोसळला, पण त्रुटी जवळजवळ जागची हलली नाही. दोन्ही गटांत ती इतकी सारखी यावी हा या लहान तक्त्याचा योग, पण गट बदलला तरी अल्फाच्या मानाने ती बरीच स्थिर राहते हे सामान्यपणे खरे आहे. वाचणाऱ्याला तिचा अर्थही सरळ कळतो. बारा गुण मिळालेल्या विद्यार्थ्याचा खरा गुण साडेदहा ते साडेतेराच्या दरम्यान असण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश आहे. दहा आणि बारा गुणांच्या दोन विद्यार्थ्यांत फरक आहेच, असे या प्रश्नावलीवरून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ०.८९ या आकड्यातून हे कुणाच्या ध्यानात आले नसते.

क्रॉनबॅक यांचे २००१ मध्ये निधन झाले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी अल्फाचा फेरविचार करणारे टिपण रिचर्ड शॅव्हेलसन यांच्या साहाय्याने तयार केले आणि ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्फा हे विश्वसनीयता पाहण्याचे सर्वांत योग्य साधन आहे असे आपल्याला आता वाटत नाही, असे त्यात त्यांनी नमूद केले. चाचणीबद्दल एकच आकडा द्यायचा झाला, तर तो कोणत्याही गुणांकाचा नसून मापनाच्या प्रमाण त्रुटीचा असावा, असे त्यांचे मत होते.